पहारेकरी सापडलाच नाही

तोंड आले किंवा ओठांचे कोपरे चिरले की डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची गोळी लिहून देतात. गोळी घेतल्यावर काही तासांत लघवी गर्द पिवळी होते आणि पहिल्यांदाच गोळी घेणारा माणूस घाबरतो. हा पिवळेपणा बी-2 जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा असतो. शरीराला लागते तेवढे ठेवून घेतले जाते आणि उरलेले बाहेर टाकले जाते. माणसाला रायबोफ्लेविन तयार करता येत नाही. दूध, अंडी, पालेभाज्या यांतून ते मिळवावे लागते.

मातीतल्या साध्या जीवाणूला मात्र ही अडचण नाही. ‘बॅसिलस सब्टिलिस’ हा जीवाणू गवतात आणि मातीत सगळीकडे आढळतो. जपानमध्ये सोयाबीन आंबवून ‘नातो’ नावाचा चिकट पदार्थ करतात, तो याच जातीच्या जीवाणूच्या मदतीने. हा जीवाणू स्वतःचे रायबोफ्लेविन स्वतः बनवतो. पण ते फुकट होत नाही. रायबोफ्लेविनचा एक रेणू बनवायला जीटीपी नावाचा मौल्यवान रेणू मोडावा लागतो आणि त्यात साखरेचे आणखी दोन तुकडे घालावे लागतात. त्यामुळे पेशीत रायबोफ्लेविन पुरेसे झाले की कारखाना बंद झाला पाहिजे आणि कमी पडू लागले की पुन्हा सुरू झाला पाहिजे. पुरेसे झाले आहे हे पेशीत कोणाला कळते, या प्रश्नाच्या उत्तरासाठी संशोधकांनी सुमारे तीन दशके चुकीच्या जागी शोध घेतला.

त्यांचा शोध चुकीच्या दिशेने जाण्यालाही सबळ कारण होते. 1961 साली फ्रान्समधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जीवाणूंमधली जनुके चालू-बंद कशी होतात, याचे एक सुंदर चित्र मांडले. जनुकाच्या सुरुवातीला डीएनएवर एक जागा असते आणि त्या जागेवर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसते. ते बसले की जनुक वाचले जात नाही, उठले की वाचले जाते. 1966 साली असे एक पहारेकरी प्रथिन प्रत्यक्ष वेगळे काढले गेले. त्यानंतर जनुक बंद होताना दिसले की त्यामागचे प्रथिन शोधायचे, ही जीवशास्त्रज्ञांची सवयच झाली.

1970च्या दशकात सोव्हिएत संशोधक बॅसिलसचे असे वाण शोधत होते, जे थांबायचे विसरले आहेत आणि रायबोफ्लेविन भरमसाठ बनवत राहतात. औद्योगिक उत्पादनासाठी असे वाण सोन्याच्या मोलाचे होते. ते मिळवायची युक्ती साधी होती. रोझिओफ्लेविन नावाचा एक लाल पदार्थ आहे. त्याची रचना रायबोफ्लेविनशी इतकी मिळतीजुळती आहे की जीवाणू फसतो, त्याला आत घेतो आणि मरतो. ज्या मोजक्या जीवाणूंत अपघाताने असा बदल झालेला असतो की ते खऱ्या रायबोफ्लेविनचा पूर आणतात, ते या नकली मालाला पुरून उरतात. अशा वाचलेल्या जीवाणूंच्या वसाहती पिवळ्या दिसतात.

या पिवळ्या वाणांमधले बदल दोन ठिकाणी सापडू लागले. पहिले ठिकाण रायबोफ्लेविनच्या जनुकांच्या अगदी आधी होते. त्याला नाव मिळाले ribO. दुसरे ठिकाण गुणसूत्रावर दूर होते, त्याला नाव मिळाले ribC. जाकोब आणि मोनो यांचे चित्र डोळ्यांसमोर असल्यावर अर्थ लावणे सोपे होते. ribO ही पहारेकऱ्याची बसायची जागा आणि ribC हे पहारेकरी प्रथिनाचे जनुक. दोन्हींपैकी काहीही बिघडले की पहारा उठतो आणि कारखाना चालूच राहतो. तर्कात कुठे फट नव्हती.

मग 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात ribC जनुक वाचले गेले. त्यातून बनणारे प्रथिन पहारेकरी नव्हतेच, ते एक साधे विकर निघाले. रायबोफ्लेविनला फॉस्फेटचा एक गट जोडून त्याचे एफएमएन नावाच्या रेणूत रूपांतर करायचे आणि पुढे त्यापासून एफएडी बनवायचे, एवढेच त्याचे काम. पेशीत प्रत्यक्ष राबणारी रूपे हीच. रायबोफ्लेविन हा कच्चा माल आहे आणि एफएमएन हा तयार माल. ribC मध्ये बिघाड झालेल्या जीवाणूंत रायबोफ्लेविन भरपूर असूनही एफएमएन कमी पडत होते आणि कारखाना चालूच राहत होता. म्हणजे पेशी मोजत होती ते एफएमएन, हे आता कळले. पण ते मोजणारे प्रथिन कोणालाही सापडत नव्हते.

उलगड्याची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, संगणकावर झाली. 1999 साली मिखाईल गेलफांड आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जीवाणूंमधल्या रायबोफ्लेविनच्या जनुकांच्या आधीचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहिला. डीएनएवरून जी प्रत निघते तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. या प्रतीच्या सुरुवातीचा काही भाग प्रथिनात उतरत नाही. तो जणू पत्राच्या मायन्यासारखा असतो, खरा मजकूर पुढे सुरू होतो. बॅसिलसच्या रायबोफ्लेविन जनुकांपुढचा हा मायना सुमारे 300 अक्षरांचा आहे. एवढा लांब मायना कशासाठी, हे आधी कोणाला सांगता येत नव्हते.

गेलफांड यांच्या गटाला दिसले की एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या जीवाणूंतही या मायन्याचा मोठा भाग जवळजवळ सारखाच आहे. त्यातली काही अक्षरे बदललेली होती, पण जोडीने. आरएनएत ए हे अक्षर यू शी आणि जी हे सी शी जुळते. एका जागचे ए बदलून जी झाले असेल, तर दूरवर त्याच्या समोरच्या जागेचे यू बदलून सी झालेले दिसायचे. म्हणजे उत्क्रांतीने अक्षरांपेक्षा घडी जपली होती. आरएनएची ही पट्टी स्वतःवरच दुमडून एक ठरावीक आकार घेते आणि तो आकार टिकणे जीवाणूला महत्त्वाचे असते. ribO मधले सगळे बिघाड याच भागात पडत होते.

निर्णायक पुरावा 2002 साली दोन ठिकाणांहून आला. न्यूयॉर्क विद्यापीठात एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने परीक्षानळीत मोजक्या वस्तू घेतल्या. त्यात रायबोफ्लेविन जनुकांचा डीएनए होता, त्याची प्रत काढणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर होते आणि आरएनएची सुटी अक्षरे होती. पहारेकरी होऊ शकेल असे एकही प्रथिन त्यात नव्हते. एफएमएन नसताना बहुतेक प्रती पूर्ण लांबीच्या निघाल्या. एफएमएन घातल्यावर बहुतेक प्रती मायन्याच्या शेवटीच तुटू लागल्या. रायबोफ्लेविन घालून हा परिणाम होत नव्हता. एफएमएनला ओळखणारी वस्तू आता एकच उरत होती, नुकताच तयार होत असलेला आरएनए स्वतः.

येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने तेच वेगळ्या मार्गाने दाखवले. त्यांनी वापरलेली पद्धत आरएनएच्या एका कमजोरीवर आधारलेली आहे. आरएनएची साखळी नुसती ठेवून दिली तरी हळूहळू आपोआप तुटते. मात्र सगळीकडे सारख्या वेगाने नाही. जी जागा सैल आणि हलती असते ती लवकर तुटते, घडीत घट्ट बसलेली जागा टिकते. संशोधकांनी मायन्याच्या आरएनएच्या टोकाला किरणोत्सारी खूण लावली, तो द्रावणात सुमारे 40 तास ठेवला आणि तुकडे लांबीनुसार वेगळे केले. मग हाच प्रयोग एफएमएन घालून केला. काही पट्टे फिके पडले, म्हणजे तिथली सैल जागा आता घट्ट झाली होती. एफएमएनचे प्रमाण थोडे थोडे वाढवत नेले की पट्टे त्याच प्रमाणात फिके होत गेले, त्यावरून पकड किती पक्की आहे हेही मोजता आले. एफएमएनवरची पकड रायबोफ्लेविनवरच्या पकडीपेक्षा सुमारे हजार पटींनी जास्त होती. दोन रेणूंत फरक फक्त एका फॉस्फेट गटाचा.

आपल्याच जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या आरएनएच्या अशा घडीला ‘रायबोस्विच’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी ब्रेकर यांच्या गटाने बी-12 पासून आणि बी-1 पासून बनणारे रेणू ओळखणारे रायबोस्विचही दाखवले. आजवर अशा रायबोस्विचचे पन्नासहून अधिक प्रकार सापडले आहेत.

आता हा आरएनए एफएमएन ओळखल्यावर प्रत काढणे कसे थांबवतो ते पाहू. मायन्यात चार छोट्या पट्ट्या आहेत असे समजावे आणि त्यांना क्रमाने एक, दोन, तीन, चार म्हणावे. खऱ्या आरएनएत घड्या याहून गुंतागुंतीच्या आहेत, पण डाव एवढ्यातच आहे. पट्टी एक आणि दोन एकमेकींना जुळतात. दोन आणि तीनही जुळतात. तीन आणि चारही जुळतात. पण एका वेळी एका पट्टीला एकच जोडीदार मिळतो.

एक आणि दोन जुळल्या की त्यांच्या टोकाला एफएमएनसाठीची खोबण पूर्ण होते. एफएमएन त्या खोबणीत बसले तर ही जोडी पक्की होते आणि पट्टी दोन तिथेच अडकून राहते. मग पट्टी तीन मोकळी उरते आणि ती बाहेर येणाऱ्या पट्टी चारशी जुळते. तीन आणि चार यांची जोडी केसांत खोवायच्या आकड्यासारखी दिसते. तिच्या लगेच पुढे यू या अक्षरांची रांग असते. यू ची डीएनएवरची पकड कमजोर असते. आकडा तयार होताना बसणारा हिसका आणि पुढची ही कमजोर पकड यांमुळे आरएनए डीएनएवरून सुटतो आणि पॉलिमरेज गळून पडते. संदेश मायन्यावरच संपतो. विकरे बनवायची माहिती पुढेच राहिली, म्हणून कारखाना बंद.

एफएमएन नसेल तर एक आणि दोन यांची जोडी ढिली राहते. पट्टी तीन बाहेर येताच ती पट्टी दोनला ओढून घेते. आता चारला जोडीदार नाही, आकडा बनत नाही, पॉलिमरेज पुढे सरकत राहते आणि रायबोफ्लेविन बनवणाऱ्या विकरांची जनुके एकापाठोपाठ एक वाचली जातात.

या सगळ्याला वेळ फार थोडा असतो. जीवाणूचे पॉलिमरेज सेकंदाला काही दशके अक्षरे उमटवते. खोबण बाहेर येऊन घडी बसल्यापासून पॉलिमरेज आकड्याच्या जागी पोचेपर्यंत मिळणाऱ्या काही सेकंदांतच एफएमएनला येऊन बसावे लागते. पॉलिमरेज ती जागा ओलांडून गेले की नंतर आलेल्या एफएमएनचा त्या प्रतीवर काही उपयोग नाही. 2005 साली ब्रेकर यांच्या गटाने हे घड्याळ मोजले. पॉलिमरेज खोबण आणि आकडा यांच्या मधल्या वाटेवर काही क्षण थबकते आणि हे थबकणेच एफएमएनला संधी देते, असे त्यांना दिसले. संधी तरीही इतकी तोकडी असते की प्रत थांबवण्यासाठी लागणारे एफएमएनचे प्रमाण, निवांत वेळ दिल्यावर खोबण भरायला लागणाऱ्या प्रमाणाच्या अनेक पटींनी जास्त असते. म्हणून केवळ पकडीची ताकद मोजून हा स्विच पेशीत नेमका कधी बंद होईल हे सांगता येत नाही, पॉलिमरेजचा वेगही धरावा लागतो.

सगळे जीवाणू हाच मार्ग वापरतात असेही नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ‘ई. कोलाय’मध्येही एफएमएनची अशीच खोबण आहे. पण तिथे एफएमएन बसले की संदेशावरची रायबोसोम चढण्याची जागा झाकली जाते, त्यामुळे प्रथिन बनायला सुरुवातच होत नाही. शिवाय अर्धवट प्रत तोडून टाकायला ऱ्हो नावाचे प्रथिन मदत करते. ओळखणारा भाग तोच, बंद करायची रीत वेगळी.

खोबण आतून कशी आहे हे 2009 साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतील अलेक्झांडर सेर्गानोव्ह आणि दिनशॉ पटेल यांच्या गटाने स्फटिकांवर क्ष-किरण टाकून पाहिले. आरएनएचे सहा पेड एका मध्याभोवती जमतात आणि फुलपाखराच्या पंखांसारखा आकार घेतात. एफएमएनचे सपाट पिवळे कडे मधोमध आरएनएच्या दोन अक्षरांच्या थरांमध्ये सरकून बसते. अडचण त्याच्या फॉस्फेटची होती. आरएनएवर ऋण भार असतो आणि फॉस्फेटवरही, म्हणजे दोघांनी एकमेकांना ढकलायला हवे. मधे मॅग्नेशियमचा धन भार येऊन ही ओढाताण सांभाळतो आणि आजूबाजूची अक्षरे फॉस्फेटला धरून ठेवतात. रायबोफ्लेविनला हा आधार मिळत नाही, म्हणून ते फारसे टिकत नाही.

आता त्या लाल रोझिओफ्लेविनकडे पुन्हा वळू. ते ‘स्ट्रेप्टोमायसीस डॅव्हॉनेन्सिस’ या मातीतल्या जीवाणूत सापडले आणि हा जीवाणू मूळ फिलिपिन्समधल्या मातीतून मिळाला होता. जीवाणूच्या पेशीत गेल्यावर रोझिओफ्लेविनलाही फॉस्फेट जोडले जाते आणि बनलेला नकली रेणू एफएमएनच्या खोबणीत बसतो. 2009 साली ब्रेकर यांच्या गटाने हे दाखवले. पेशीत खरे एफएमएन संपत आलेले असते, तरी खोबण भरलेली असल्यामुळे कारखाना बंदच राहतो. नकली रेणू विकरांतही घुसून काम बिघडवतो, त्यामुळे त्याचा मार एकाच जागी बसत नाही.

मग स्वतः रोझिओफ्लेविन बनवणारा स्ट्रेप्टोमायसीस आपल्याच विषाने का मरत नाही? 2012 साली जर्मनीत मथियास माक यांच्या गटाने याचा शोध घेतला. या जीवाणूतही एफएमएनचा रायबोस्विच आहे, पण त्याच्या खोबणीजवळचे एक अक्षर असे आहे की खऱ्या एफएमएनला तो दाद देतो आणि नकली रेणू आला तरी बंद होत नाही. एका अक्षराच्या बळावर विष बनवणारा स्वतः वाचतो.

रोझिओफ्लेविनने वाण निवडायची जुनी युक्ती पुढे अन्नातही आली. दूध आंबवणाऱ्या ‘लॅक्टोकॉकस लॅक्टिस’सारख्या जीवाणूंना रोझिओफ्लेविनमध्ये वाढवून त्यातले वाचलेले वाण निवडले, तर ते दुधात बी-2 जीवनसत्त्व सोडू लागतात. बाहेरून जनुक घालावे लागत नाही. मायन्यातल्या घडीत अपघाताने झालेला एखादा बिघाड पुरतो.

घडीत बिघाड झाला की कारखाना चालू राहतो, तर घडीला कायमचे बंद करून जीवाणू उपाशी मारता येईल का, हा प्रश्न औषध शोधणाऱ्यांना पडणे साहजिक होते. अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी 2015 साली याचे उत्तर दिले. त्यांनी सुमारे 57,000 कृत्रिम रसायने ई. कोलायवर तपासली. चाळणी साधी होती. रसायनाने जीवाणूची वाढ थांबली पाहिजे, पण बाहेरून रायबोफ्लेविन दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली पाहिजे. असे झाले तर रसायनाने रायबोफ्लेविनचा कारखानाच बंद केला आहे, इतरत्र काही बिघडवलेले नाही, असा अर्थ निघतो. या चाळणीतून एक रसायन हाती लागले, त्याचे नाव ठेवले रायबोसिल.

रायबोसिल दिसायला एफएमएनसारखे नाही. त्याला तीन कड्यांचे पिवळे शरीर नाही आणि फॉस्फेटही नाही. तरीही स्फटिकात पाहिल्यावर ते त्याच खोबणीत, त्याच अक्षरांच्या थरांत बसलेले दिसले. त्याचे सुधारित रूप दिल्यावर उंदरांमधला जंतुसंसर्गही कमी झाला. माणसाच्या पेशींत रायबोफ्लेविन बनवणारी जनुके नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढची ही खोबणही नाही.

रायबोसिल अजून औषधांच्या दुकानापर्यंत मात्र पोचलेले नाही, आणि त्याची कारणे त्याच्या शोधातच दडलेली होती. पहिले कारण म्हणजे तपासणीसाठी वापरलेला ई. कोलायचा वाण मुद्दाम दुबळा केलेला होता. त्याचे बाहेरचे आवरण कमजोर होते आणि आत आलेले रसायन बाहेर फेकणारा पंप काढून टाकलेला होता. दवाखान्यात भेटणाऱ्या जंतूंचे आवरण आणि पंप शाबूत असतात. दुसरे कारण असे की अनेक जंतू रायबोफ्लेविन बनवतातही आणि बाहेरून ओढूनही घेतात. माणसाच्या रक्तात ते असतेच. अशा जंतूचा कारखाना बंद केला तरी आयात चालू राहते. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’मध्ये मात्र आयातीच्या जनुकापुढेही एफएमएनचाच रायबोस्विच आहे, म्हणून तिथे एकच रसायन दोन्ही दारे लावू शकते.

तिसरे कारण सगळ्यात बोलके आहे. रायबोसिलला दाद न देणारे जीवाणू लवकर उगवतात. मर्कच्या संशोधकांनी असे 19 वाण निवडून त्यांचे जनुकसंच वाचले. सगळ्यांतले बदल एकाच ठिकाणी सापडले, ribB नावाच्या जनुकाआधीच्या मायन्यात, एफएमएनच्या घडीत. खोबण मोडली, रायबोसिल बसेना, कारखाना चालूच राहिला. रसायन नेमके कुठे काम करते याचा यापेक्षा पक्का पुरावा मिळणे कठीण. चार दशकांपूर्वी सोव्हिएत संशोधकांनी पिवळ्या वसाहती निवडून ज्या बदलांना ribO म्हटले होते आणि जिथे पहारेकरी बसत असेल असे मानले होते, ते बदलही अशाच घडीत पडलेले होते.